‘सुंदर पैठणी, नवीनसारखी’: पण पन्हा किती?

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळाच्या खरेदी-विक्रीच्या यादीत साड्या दिसू लागतात. कपाटात पडून राहण्यापेक्षा कुणीतरी नेसावी, एवढीच विकणारीची इच्छा असते. तरीही चांगली पैठणी महिना-महिना तशीच राहते, आणि बहुतेक वेळा दोष साडीचा नसून मजकुराचा असतो.

ओळखीतल्या एका काकूंची जाहिरात अशी होती: ‘सुंदर पैठणी, जांभळा रंग, नवीनसारखी, एकदाच नेसलेली. किंमत वाजवी.’ पंधरा दिवसांत अकरा जणींनी विचारलं, पण घेतली कुणीच नाही. काकू प्रत्येकीला वेगळं उत्तर देऊन दमल्या. मग त्यांनी सगळे प्रश्न एका कागदावर उतरवले, आणि मजकुरात काय राहिलं होतं ते त्या कागदावरच दिसलं.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, सहावारी की नऊवारी, आणि ब्लाउज पीस जोडलेला आहे का. त्याच्या पाठोपाठ पन्हा. हा प्रश्न भारतात फारसा येत नाही, पण इथे वाढलेल्या पाच फूट आठ इंच उंचीच्या मुलीला तो आधी सुचतो. पन्हा म्हणजे साडीची रुंदी, काठापासून काठापर्यंत. तो कमी असला की साडी घोट्याच्या वर राहते. साडी पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मध्यभागी मोजा. काकूंच्या साडीचा पन्हा ४६ इंच भरला.

तिसरा प्रश्न होता, हातमागाची आहे का. त्याचं उत्तर फोटोनेच द्यावं, पण फोटो पदराच्या उलट्या बाजूचा हवा. हातमागावर विणलेल्या पारंपरिक पैठणीत पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत उलट्या बाजूला बहुधा लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. जाणकार बाई हा एक फोटो पाहूनच ठरवते. यंत्रमागाची असेल तर तसं लिहा. तिलाही गिऱ्हाईक असतं, फक्त किंमत वेगळी असते.

जरीचा प्रश्न जरा अवघड. अस्सल चांदीची जर, तांब्याच्या तारेवरची टेस्टेड जर आणि प्लास्टिकची नकली जर यांतला फरक घरबसल्या खात्रीने सांगता येत नाही. पावती असेल तर तिच्यावर लिहिलेलं तसंच उतरवा. नसेल तर ‘पावती नाही, जर कोणती ते माहीत नाही’ असं सरळ लिहा. अंदाजाने ‘अस्सल’ लिहिलंत, तर पुढच्या गणपतीत त्याच बाई पंगतीत शेजारी बसलेल्या असतील!

‘नवीनसारखी’ या शब्दाने काहीच कळत नाही. साडी उजेडासमोर धरून घडीच्या रेषा पाहा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथे विरतं आणि बारीक चिरा पडतात. डाग, फॉल-पिको आणि डांबरगोळ्यांचा वास, हेही तपासा. काकूंना निऱ्यांच्या भागात नाण्याएवढा फिकट डाग सापडला. त्यांनी तो लिहिला आणि फोटोही जोडला.

नवा मजकूर असा झाला:

‘सहावारी पैठणी, २२५ डॉलर. लांबी साडेपाच मीटर, शिवाय ब्लाउज पीस जोडलेला, न कापलेला. पन्हा ४६ इंच. येवल्याहून २०११ मध्ये घेतली. हातमाग, पदराच्या उलट्या बाजूचा फोटो पाहा. पावतीवर टेस्टेड जर लिहिलं आहे. फॉल-पिको झालेलं. निऱ्यांत एक फिकट डाग (फोटो आहे), नेसल्यावर झाकला जातो. घड्यांवर चिरा नाहीत. रंग वांगी, काठ हिरवा. फोटो दिवसा खिडकीजवळ काढले आहेत. शनिवारी येऊन पाहता येईल.’

‘जांभळा’चा ‘वांगी’ झाला, कारण तीन जणींनी तोच प्रश्न विचारला होता. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत रंग बदलतो. शेजारी पांढरा कागद ठेवला तर पाहणाऱ्याला फोटोतल्या उजेडाचा अंदाज येतो. तरीही पडद्यावरचा रंग तंतोतंत कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष पाहण्याची सोय हवी.

प्रत्येक प्रश्न मजकुरात यायलाच हवा असं नाही. दोन-तीन जणींनी विचारलेलं लिहा. एकीनेच विचारलेलं तिलाच सांगा, नाहीतर मजकूर लांबतो आणि कुणी वाचत नाही. प्रकार आणि किंमत पहिल्या ओळीत, दोष स्वतंत्र वाक्यात.

मजकूर जमला की नाही, ते पुढच्या प्रश्नांवरून कळतं. काकूंना नंतर दोनच प्रश्न आले: ‘थोडं कमी होईल का?’ आणि ‘शनिवारी किती वाजता येऊ?’ तुमच्या यादीतल्या साडीबद्दल अजूनही ‘ब्लाउज पीस आहे का?’ असं विचारत असतील, तर उत्तर देऊन थांबू नका. तेच उत्तर मजकुरातही घाला.