तारखेआधीच शब्द फिरवला तर?

लंडनमध्ये 1852 च्या एप्रिल महिन्यात एक साधा करार झाला. द ला तूर नावाच्या गृहस्थांना युरोपची सफर करायची होती. वाटेत घोडागाड्या ठरवणे, मुक्कामाची सोय बघणे, सामानावर लक्ष ठेवणे अशी कामे करायला त्या काळी श्रीमंत प्रवासी पगारी माणूस सोबत नेत. द ला तूर यांनी हॉक्स्टर नावाच्या माणसाला या कामावर घेतले. महिना दहा पौंड पगार, तीन महिने काम, सुरुवात 1 जूनपासून. 11 मे रोजी द ला तूर यांचे पत्र आले, की बेत बदलला आहे, तुमची गरज नाही. भरपाई द्यायलाही त्यांनी नकार दिला.

हॉक्स्टरने 22 मे रोजी, म्हणजे काम सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, दावा ठोकला.

द ला तूर यांच्या वकिलांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. करार 1 जूनचा आहे. ती तारीख उजाडलेलीच नाही, मग करार मोडला कधी? कोण जाणे, 1 जूनपर्यंत अशिलाचे मन पुन्हा बदलेलही. हॉक्स्टरला भरपाई हवी असेल तर त्याने 1 जूनपर्यंत कामाला तयार राहावे आणि त्या दिवशी नकार मिळाला तर मगच न्यायालयात यावे.

मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्पबेल यांना हे पटले नाही. समोरचा माणूस 'मी करार पाळणार नाही' असे लिहून देतो, तरीही याने हातावर हात ठेवून बसायचे, दुसरी नोकरी धरायची नाही आणि तारखेची वाट बघायची, यात कोणाचेच भले नाही. त्यापेक्षा त्याने दुसरे काम शोधले तर त्याचे नुकसान कमी होईल आणि समोरच्याला द्यावी लागणारी भरपाईही घटेल. हॉक्स्टरने नेमके तेच केले होते. लॉर्ड अ‍ॅशबर्टन यांच्याकडे त्याला तितक्याच चांगल्या पगाराचे काम मिळाले होते, फक्त ते सुरू होणार होते 4 जुलैला. 1853 मध्ये निकाल हॉक्स्टरच्या बाजूने लागला.

या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांनी एक रास्त आक्षेप घेतला. हॉक्स्टरला बंधनातून मोकळे करणे ही एक गोष्ट आणि त्याला लगेच दावा लावू देणे ही दुसरी. पहिली मान्य केली म्हणून दुसरी आपोआप मान्य होत नाही. 'तू दुसरी नोकरी धर, पण दावा 1 जूननंतर लाव' असेही न्यायालयाला म्हणता आले असते. आक्षेप तर्काला धरून होता, पण व्यवहारात टिकला तो कॅम्पबेल यांचाच नियम. वकील आज अशा नकाराला 'अँटिसिपेटरी ब्रीच' म्हणतात, म्हणजे पूर्ततेची तारीख येण्याआधीच झालेला करारभंग.

भारतात हा नियम लिखित कायद्यातच आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 39 सांगते, की एका पक्षाने आपले वचन संपूर्णपणे पाळायला नकार दिला, किंवा ते पाळणे स्वतःहून अशक्य करून ठेवले, तर दुसरा पक्ष करार संपुष्टात आणू शकतो. मात्र शब्दांनी किंवा वागण्यातून त्याने करार चालू ठेवायला संमती दिली असेल, तर ती मुभा राहत नाही. करार रीतसर संपवणाऱ्याला भरपाई मागण्याचा हक्क कलम 75 देते. मालाच्या खरेदी-विक्रीसाठी 1930 च्या माल विक्री अधिनियमाचे कलम 60 याहून स्पष्ट आहे. डिलिव्हरीच्या तारखेआधी एकाने करार नाकारला, तर दुसरा करार जिवंत मानून तारखेपर्यंत थांबू शकतो, किंवा करार संपला असे समजून भरपाईचा दावा लावू शकतो.

तेव्हा थांबलेच पाहिजे असे नाही. लगेच मोकळे व्हायलाच हवे असेही नाही. निवड फसवणूक झालेल्या पक्षाची आहे. पण दोन्ही वाटांवर धोके आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

थांबण्यातला धोका 'लेबनॉन' नावाच्या जहाजाच्या मालकाने अनुभवला. काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात जाऊन माल भरायचा, असा त्याचा करार होता. माल द्यायला भाडेकऱ्याला 45 दिवसांची मुदत होती. जहाज पोचले तेव्हा भाडेकऱ्याचा प्रतिनिधी कप्तानाला म्हणाला, की माल नाही, तुम्ही निघालेले बरे. कप्तान निघाला नाही. आज ना उद्या माल मिळेल या आशेवर तो बंदरात थांबला. मुदत संपायच्या आत, 1854 मध्ये, ब्रिटन आणि रशिया यांच्यात क्रिमियाचे युद्ध पेटले. शत्रूच्या बंदरातून माल उचलणे ब्रिटिश जहाजाला बेकायदा ठरले आणि करारच निकालात निघाला. मालक नंतर भरपाई मागायला गेला, पण हाती काही लागले नाही. प्रतिनिधीचे बोलणे नकार मानून करार तेव्हाच संपवला असता, तर दाव्याला जागा होती. करार चालू ठेवला, म्हणून तो दोघांसाठीही चालू राहिला आणि त्याला बुडवणाऱ्या युद्धाचा फायदा भाडेकऱ्याला मिळाला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जवाहरलाल वाधवा विरुद्ध हरिपद चक्रवर्ती या खटल्यात हेच तत्त्व मानले. नकार मिळूनही करार जिवंत ठेवला, तर तो दोन्ही बाजूंनी जिवंत असतो. त्याची अंमलबजावणी मागणाऱ्याला आपला वाटा पुरा करायची स्वतःची तयारी आणि इच्छा सिद्ध करावी लागते. समोरच्याने आधी हात वर केले, एवढ्याने ती अट सुटत नाही.

हा हिशेब पैशांत कसा बसतो, ते एका कल्पित व्यवहारातून पाहू. पुण्यातल्या एका मिठाईवाल्याने तासगावच्या व्यापाऱ्याकडून दिवाळीसाठी पाच टन बेदाणा किलोला 200 रुपये दराने ठरवला. माल 15 ऑक्टोबरला द्यायचा आहे. 1 सप्टेंबरला व्यापाऱ्याचा लेखी निरोप येतो, की या दराने माल देणार नाही, सौदा रद्द समजा. त्या दिवशी बाजारभाव 220 आहे.

मिठाईवाल्याने त्याच आठवड्यात करार संपवल्याचे कळवले आणि 220 ने पाच टन माल दुसरीकडून घेतला, तर त्याचे नुकसान किलोमागे 20 रुपये, म्हणजे एकूण एक लाख. ते मागायला 15 ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही.

समजा करार संपवल्याचे कळवूनही त्याने माल घेतलाच नाही, आणि 15 ऑक्टोबरला भाव 260 झाला. भरपाईचा साधा हिशेब ठरलेल्या तारखेच्या बाजारभावावर होतो. त्यानुसार फरक किलोमागे 60 रुपये, एकूण तीन लाख. पण कलम 73 चे स्पष्टीकरण इथे आडवे येते. झालेली गैरसोय दूर करायला हाताशी कोणते उपाय होते, हे न्यायालय विचारात घेते. सप्टेंबरमध्ये 220 ने माल सहज मिळत होता, तर वाढीव दोन लाखांचा भार व्यापाऱ्यावर टाकणे अवघड जाईल.

तिसरी शक्यता अशी, की मिठाईवाल्याने 'आम्हाला रद्द मान्य नाही, 15 तारखेला माल पाठवा' असे कळवले. आता करार जिवंत आहे, त्यामुळे आधीच दुसरीकडून माल घ्यायची सक्ती त्याच्यावर नाही. 15 तारखेला माल आला नाही आणि भाव 260 असला, तर तो तीन लाख मागू शकतो. पण भाव उतरून 190 झाला तर भावाच्या फरकाचे नुकसान शून्य. मधल्या काळात सरकारी आदेशाने तो व्यवहारच बेकायदा ठरला, तर त्याची गत लेबनॉनच्या मालकासारखी होईल. आणि व्यापाऱ्याने मन बदलून वेळेत माल पाठवला, तर तो घ्यावाच लागेल.

लगेच करार संपवण्यातही एक सापळा आहे. नकार हा खरोखर नकार असावा लागतो. 'भाव परवडत नाहीत, बघू काय होतंय', 'आठ दिवस उशीर होईल', 'दर थोडा वाढवून द्या' ही वाक्ये कुरकुरीची आहेत, तेवढ्यावर ती नकार ठरत नाहीत. नुसते मौन हाही बहुतेक वेळा नकार नसतो. अशा बोलण्यावर विसंबून कोणी करार संपवला आणि न्यायालयाने तो नकार मानला नाही, तर करार मोडल्याचा ठपका त्याच्यावरच येतो. याउलट, तुम्हाला विकायचे ठरलेले घर मालकाने दुसऱ्याच्या नावे रीतसर खरेदीखत करून दिले, तर त्याने तोंडाने काहीच म्हटले नाही तरी वचन पाळणे त्याने स्वतःहून अशक्य केलेले असते.

म्हणून बोलणे संदिग्ध असेल तेव्हा मुदत देऊन लेखी विचारणा करावी, की ठरल्या तारखेला ठरल्या दराने माल देणार की नाही. उत्तर स्पष्ट नकाराचे आले, की आपला निर्णयही लेखी कळवावा. करार संपवायचा असेल तर पत्रात तसे स्वच्छ लिहावे आणि त्यानंतर करार चालू असल्यासारखे वागू नये. कलम 39 च्या उदाहरणातली गायिका सहाव्या रात्री मुद्दाम गैरहजर राहते. नाट्यगृहाचा व्यवस्थापक तेव्हा करार संपवू शकतो. पण सातव्या रात्री त्याने तिला गाऊ दिले, तर ती मुभा गेली. सहाव्या रात्रीच्या नुकसानीची भरपाई मात्र तो मागू शकतो.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा. मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास या खटल्यात कानपूरहून कॅनव्हासचे कापड कलकत्त्याला रेल्वेने रवाना करायचे होते. विक्रेत्याने 1947 च्या ऑगस्टमध्ये हात वर केले. करार मोडल्याचे सिद्ध झाले. पण खरेदीदाराने भाव दाखवला कलकत्त्याचा. माल कानपूरच्या रेल्वेत चढवून द्यायचा होता, तेव्हा तिथला त्या तारखेचा भाव हवा होता आणि तो पुराव्यात नव्हता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. तेव्हा नकाराचे पत्र हातात पडेल त्याच दिवशी बाजार समितीचा किंवा दोन-तीन व्यापाऱ्यांचा लेखी दर मिळवून ठेवा, डिलिव्हरीच्या ठिकाणचा आणि त्या तारखेचा. ठरलेली तारीख उजाडली, की तिथलाच दर पुन्हा एकदा घ्या. भरपाईचा दावा लावायला करारभंगापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते.