पूररेषेतले गट आणि नकाशाच्या तीन क्रिया

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले, आणि त्यानंतर नदीकाठच्या गावांत निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द घरोघरी बोलले जाऊ लागले. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत साधारणपणे बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान अटी असतात. त्यामुळे ज्याची जमीन काठावर आहे त्याचा प्रश्न अगदी नेमका असतो: माझा गट रेषेत येतो का, आणि येत असेल तर किती?

आज हे काम संगणकावरच्या नकाशात होते. गावाच्या गटांचा एक थर आणि पूरक्षेत्राचा दुसरा. अशा व्हेक्टर थरात प्रत्येक आकृतीमागे तक्त्याची एक ओळ असते. गटाच्या आकृतीमागे गट नंबर, खातेदार आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र. पूरपट्ट्याच्या आकृतीमागे त्या पट्ट्याचे नाव. हे दोन थर एकमेकांवर ठेवून उत्तर काढायचे, तर सॉफ्टवेअरमध्ये एक्स्ट्रॅक्ट, क्लिप आणि इंटरसेक्ट अशा तीन क्रिया समोर येतात. नकाशावर तिन्हींचे निकाल वरवर सारखेच दिसतात, पण तक्त्यातल्या बेरजा मात्र अजिबात जुळत नाहीत.

हिशेबासाठी चार काल्पनिक गट घेऊ. गट 57 हा 0.80 हेक्टरचा, पूर्णपणे निळ्या रेषेच्या आत. गट 58 हा 1.20 हेक्टरचा, त्यातले 0.50 निळ्या रेषेच्या आत, 0.40 निळ्या-लाल रेषांच्या दरम्यान आणि 0.30 बाहेर. गट 61 मोठा, 2.00 हेक्टर, पण त्याचा 0.10 हेक्टरचा कोपराच मधल्या पट्ट्यात शिरतो. गट 62 चे क्षेत्र 0.90 हेक्टर; त्याचा बांध लाल रेषेला बाहेरून चिकटून आहे, आत काहीच नाही.

एक्स्ट्रॅक्ट ही क्रिया काहीही कापत नाही. ती फक्त निवडते आणि निवडलेल्या आकृत्या जशाच्या तशा नव्या थरात ठेवते. क्यूजीआयएसमध्ये `Extract by location` उघडले की कोणता संबंध तपासायचा ते विचारले जाते. तिथे `intersect` वर खूण केली तर चारही गट येतात, कारण नुसता स्पर्शही त्या कसोटीत बसतो. इथे `intersect` ही फक्त चाचणी आहे. आकृत्या छेदणारी इंटरसेक्टची क्रिया वेगळी, आणि ही गल्लत फार वेळा होते. चार गटांची बेरीज येते 4.90 हेक्टर. हा आकडा पुराखालच्या जमिनीचा नाही, पुराशी संबंध येणाऱ्या गटांचा आहे. नोटीस द्यायची असेल तर हेच हवे, कारण नोटीस अख्ख्या गटाच्या खातेदाराला जाते, गटाच्या तुकड्याला नाही.

क्लिप कापते. पूरपट्ट्याच्या बाहेर राहिलेला गटाचा भाग गळून पडतो. गट 62 यादीतून जातो, 61 चा कोपरा उरतो, 58 चे 0.90 हेक्टर उरतात आणि 57 पूर्ण राहतो. एकूण 1.80 हेक्टर. पुराखाली किती जमीन, याचे हे खरे उत्तर. पण क्लिप पूरक्षेत्राचा थर केवळ साच्यासारखा वापरते. त्यातले दोन्ही पट्टे एक करून टाकते आणि पट्ट्याचे नाव निकालात आणत नाही. गट 58 ची 0.90 हेक्टरची एकच आकृती मिळते. त्यातले किती मनाईत आणि किती अटींत, हे त्या निकालाला विचारून उपयोग नाही.

ते सांगते इंटरसेक्ट. ही क्रियाही कापते, पण दोन्ही थरांच्या रेषांवर, आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही तक्त्यांतली माहिती जोडते. आता चार ओळी मिळतात: गट 57 निळ्या रेषेच्या आत 0.80, गट 58 निळ्या रेषेच्या आत 0.50, गट 58 मधल्या पट्ट्यात 0.40, गट 61 मधल्या पट्ट्यात 0.10. मनाईखाली 1.30 हेक्टर आणि अटींखाली 0.50. शेतकऱ्याला हवे असलेले उत्तर इथे आहे, म्हणून नियोजनाच्या कामात मला हीच क्रिया सर्वांत मोलाची वाटते. चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

पहिली चूक क्षेत्राच्या रकान्याची. आकृती कापली गेली तरी तक्त्यात सातबाऱ्यावरून भरलेला आकडा तसाच राहतो. क्लिपच्या निकालात तो रकाना बेरजेला घेतला तर 1.80 ऐवजी 4.00 हेक्टर येतात. इंटरसेक्टमध्ये गट 58 च्या दोन ओळी झालेल्या असतात आणि दोन्हींवर 1.20 लिहिलेले असते. बेरीज होते 5.20. म्हणजे पुराखालची जमीन चारही गटांच्या मिळून असलेल्या 4.90 हेक्टरांपेक्षा जास्त! म्हणून कापल्यावर नवा रकाना करून क्षेत्र पुन्हा मोजावेच लागते. थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात हवा. कोल्हापूरसाठी EPSG:32643 चालते. मग फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एवढे पुरते:

```
round(area($geometry) / 10000, 2)
```

थर अक्षांश-रेखांशांत असेल तर हेच सूत्र अंशांच्या वर्गात काहीतरी आकडा देते आणि सगळीकडे 0.00 दिसते. ते दिसले की प्रक्षेपण तपासायचे.

दुसरी चूक जास्त घातक, कारण नकाशाकडे बघून ती कळत नाही. पूरक्षेत्राचा थर काढणाऱ्याने दोन शेजारचे पट्टे न काढता एक आकृती नदीपासून निळ्या रेषेपर्यंत आणि दुसरी नदीपासून लाल रेषेपर्यंत काढली, तर दुसरीच्या पोटात पहिली येते. इंटरसेक्ट प्रामाणिकपणे दोन्हींशी छेद घेते. गट 57 दोनदा येतो, 58 एकदा 0.50 आणि एकदा 0.90 म्हणून येतो, 61 एकदा. नव्याने मोजलेले क्षेत्रही आता 3.10 हेक्टर दाखवते. क्लिप मात्र साचा एकच मानत असल्यामुळे 1.80 वरच थांबते. म्हणून त्याच दोन थरांवर दोन्ही क्रिया करून बेरजा ताडून पाहाव्यात. इंटरसेक्टची बेरीज जास्त आली, तर वरच्या थरातल्या आकृत्या एकमेकींवर चढलेल्या आहेत असे जवळजवळ नक्की समजावे. मोठ्या आकृतीतून लहान वजा करून पट्टे वेगळे केले की आकडे जुळतात.

आता गट 62. कागदावर तो फक्त चिकटलेला आहे. पण गटांचा नकाशा जुन्या गावनकाशावरून उचललेला आणि पूररेषा वेगळ्या सर्वेक्षणातून आलेली, म्हणजे दोन्ही थर तंतोतंत बसतीलच असे नाही. गटाची रेषा दोन मीटर आत सरकलेली असेल आणि सामाईक बांध 150 मीटर लांब असेल, तर क्लिप आणि इंटरसेक्ट दोन्हींत 300 चौरस मीटरांची, म्हणजे तीन आरांची, लांब सडपातळ चीर निर्माण होते. तक्त्यात ती 0.03 हेक्टर म्हणून दिसते आणि खातेदाराचे नाव यादीत जाते. अशा चिरा ओळखायला सोप्या असतात: क्षेत्र थोडे आणि परिमिती अवाच्या सवा. इथे परिमिती तीनशे मीटरांच्या वर जाते. एवढ्याच क्षेत्राच्या चौकोनी तुकड्याची सत्तर मीटरही भरणार नाही. पण त्या ओळी संगणकावर परस्पर पुसू नयेत, कारण चूक गटाच्या रेषेत आहे की पूररेषेत, हे तक्ता सांगत नाही. त्या गटांची वेगळी यादी करावी आणि त्यांचे बांध जागेवर मोजून घ्यावेत.