100 शहरे, 31 अंकी पर्याय

एका वितरकासमोर 100 शहरे आहेत. त्यांपैकी कोणत्याही शहरात डेपो उघडता येतो. डेपो उघडला की भाडे, पगार, वीज मिळून वर्षाला 10 लाख रुपये लागणारच, मग तिथून एक ट्रक सुटो की शंभर. डेपो कमी ठेवले तर वाहतूक महागते, जास्त उघडले तर हा स्थिर खर्च वाढतो. मग उघडायचे कुठे?

प्रत्येक शहरात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले, तर पर्यायांची संख्या 2 चा 100वा घात होते. ही 31 अंकी संख्या आहे. सेकंदाला एक अब्ज पर्याय तपासणारे यंत्रही 40 लाख कोटी वर्षे घेईल. विश्वाच्या वयाच्या सुमारे 2900 पट!

गणिती मांडणी मात्र अगदी छोटी आहे. j ठिकाणी डेपो असेल तर y_j ची किंमत 1, नसेल तर 0. i शहराच्या मागणीचा जेवढा हिस्सा j मधून जाईल तो x_ij. प्रत्येक शहराचे हिस्से मिळून 1 व्हायला हवेत आणि बंद डेपोतून माल निघता कामा नये. ही शेवटची अट कशी लिहायची, यावर सगळे अवलंबून आहे.

काटकसरीने लिहायचे तर प्रत्येक डेपोसाठी एकच अट पुरते: त्याच्याकडून जाणाऱ्या सगळ्या हिश्शांची बेरीज 100 × y_j पेक्षा जास्त नको. एकूण 100 अटी. संगणक आधी पूर्णांकाचे बंधन सैल करतो, म्हणजे y_j ला अपूर्णांक होऊ देतो, आणि खर्च निदान किती येईल ते काढतो. इथेच घोळ होतो. प्रत्येक शहर आपल्याच डेपोतून माल घेते, वाहतूक शून्य, आणि बेरीज 1 असल्याने y_j फक्त 0.01 ठेवून भागते. शंभर ठिकाणी शंभरावा भाग डेपो, एकूण खर्च 10 लाख! निदान एक डेपो लागणार हे आपल्याला आधीच माहीत होते. संगणकाने त्यापलीकडे काहीच सांगितले नाही.

आता तीच अट सुटी करून प्रत्येक जोडीसाठी लिहा:

x_ij ≤ y_j

अटी 100 वरून 10,000 होतात, तरी प्रश्न सोपा होतो. पूर्ण माल हवा तर y_j पूर्ण 1 करावाच लागतो, ती 0.01 ची पळवाट बंद होते आणि खालची मर्यादा खऱ्या उत्तराच्या जवळ चढते. मग ‘शाखा आणि मर्यादा’ पद्धतीला धार येते. समजा दहा ठिकाणांचे हो-नाही ठरवल्यावर एखाद्या फांदीची खालची मर्यादा हाती असलेल्या उत्तरापेक्षा महाग निघाली, तर ती फांदी छाटली जाते. त्या एका घावात 28 अंकी पर्याय न पाहताच बाद होतात.

डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी 1978 मध्ये याच सुट्या मांडणीच्या द्वैती रूपावर पद्धत रचली. 1963 पासून प्रसिद्ध असलेले गोदामांचे नमुना-प्रश्न त्यांनी त्या काळच्या आयबीएम यंत्रावर प्रत्येकी 0.1 सेकंदाच्या आत सोडवले, तेही एकही फांदी न फोडता.