झोपेच्या गोळीची पहाट

१९८७ मध्ये अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन मेंदूशास्त्रज्ञांची चमत्कारिक हकिगत छापून आली. लांबच्या विमानप्रवासात झोप लागावी म्हणून प्रत्येकाने ट्रायझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेतली होती आणि सोबत मद्यही. पोहोचल्यावर ते हिंडले, बोलले, नेहमीसारखे वागले. पण नंतर त्या कित्येक तासांतले त्यांना काहीच आठवेना. या प्रकाराला ‘प्रवाशाचा स्मृतिभ्रंश’ असे नाव पडले.

ट्रायझोलाम आणि टेमाझेपाम ही एकाच बेंझोडायझेपिन कुळातली औषधे. दोन्ही मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. फरक आहे तो ताकदीत आणि मुक्कामात. टेमाझेपाम १५ ते ३० मिलिग्रॅम घ्यावे लागते. ट्रायझोलामला पाव मिलिग्रॅम पुरते. ते झपाट्याने रक्तात चढते आणि गाबाच्या ग्राहकांना घट्ट चिकटते. त्या वेळी माणूस जागा असला, तरी घडलेले कायमच्या आठवणीत नोंदवण्याचे मेंदूचे काम थांबते. जुने सारे आठवते, नवे मात्र उमटत नाही. म्हणूनच बघणाऱ्याला काही वावगे दिसत नाही. मद्याने हा परिणाम आणखी वाढतो. थोडक्यात, विस्मरणाचा दोष एकट्या अल्पायुष्याचा नाही, ताकदीचाही आहे.

पहाटेच्या अस्वस्थतेचे मूळ मात्र अल्पायुष्यातच आहे. समजा, रात्री बाराला दोन्ही औषधे रक्तात पुरती चढली. ट्रायझोलामचे प्रमाण साधारण तीन तासांत निम्मे होते, म्हणजे तीनला अर्धे आणि सहाला पाव उरते. टेमाझेपाम निम्मे व्हायला दहाएक तास लागतात. सहा वाजता त्याचा दोन तृतीयांश भाग शिल्लक असतो.

पहिल्या रात्री याने फारसे बिघडत नाही. पण आठवडा-दोन आठवडे रोज गोळी घेतली, की मेंदू तिला सरावतो आणि स्वतःचा लगाम सैल सोडतो. मग पहाटे औषध ओसरताच उत्तेजना उसळते. पहाटे चारला डोळे उघडतात, छाती धडधडते, दिवसभर जीव टांगणीला लागतो. दर पहाटे व्यसन सुटतानाची ही छोटी आवृत्तीच! अँथनी केल्स यांच्या गटाने १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये ही पहाटेची निद्रानाशाची तक्रार मांडली. रुग्णाला वाटते, आपला निद्रानाश वाढला. तो मात्रा वाढवून मागतो आणि फास आवळतो. त्रास गोळी सुरू झाल्यानंतरचा आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरातलाच असेल, तर संशय आधी गोळीवर घ्यावा.

ब्रिटनने १९९१ मध्ये ट्रायझोलाम बाजारातून काढले. अमेरिकेत ते राहिले, पण कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी. टेमाझेपामही निर्दोष नाही. सकाळची गुंगी आणि म्हाताऱ्यांचे तोल जाणे ही त्याची किंमत, आणि सवय त्याचीही लागते. दोन्हींपैकी कोणतीही गोळी रोज घेत असलेल्याने ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.