बाष्पपात्राच्या भोवतालची जमीन

निफाड तालुक्यातील एका कृषिहवामान वेधशाळेच्या आवारात, फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यातील कोरड्या सकाळी साडेआठच्या सुमारास, तेथील निरीक्षक बाष्पपात्राशी येऊन उभे राहिले, वाकून त्यांनी पात्रातील स्थिर पाण्याच्या विहिरीत उभ्या असलेल्या खुणेच्या टोकाकडे पाहिले, आणि मापाच्या नळकांड्यातून पाणी सावकाश ओतीत ते टोक पुन्हा पाण्याच्या पातळीला लागेपर्यंत ओतलेल्या पाण्याचे माप नोंदवहीत लिहिले. आदल्या सकाळपासून पाऊस नव्हता, म्हणून जेवढे पाणी घालावे लागले तेवढेच हवेने नेले होते. त्या दिवशीची नोंद होती ६ मिलिमीटर. लाकडी चौथऱ्यावर ठेवलेले हे धातूचे गोल पात्र सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल असते. आसपासच्या गावांतील कांद्याला किती पाणी द्यावे, याचा सारा हिशेब या एका आकड्यापासून सुरू होतो. आणि माझ्या मते तो जेव्हा चुकतो तेव्हा बहुतेक वेळा येथेच, पहिल्या पायरीवर, चुकतो.

या पद्धतीची मूळ कल्पना दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवण्याची आहे. हवा पाणी किती ओढते हे ऊन, वारा, उष्णता आणि आर्द्रता यांवर ठरते, आणि पिकाने त्या ओढीला किती प्रतिसाद द्यावा हे पिकाच्या वाढीवर ठरते. म्हणून प्रथम एक आदर्श पृष्ठभाग कल्पिला जातो: जमीन पूर्णपणे झाकणारे, पाण्याची कधीही वाण नसलेले, १२ सेंटिमीटर उंचीचे हिरवेगार गवत. अशा गवतातून आणि त्याखालच्या मातीतून दिवसाकाठी जितके पाणी हवेत जाईल, त्याला संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. त्या संख्येला पिकाच्या त्या त्या अवस्थेचा पीक गुणांक लावला की पिकाची रोजची गरज निघते. पेनमन यांनी १९४८ साली उष्णतेची ऊर्जा आणि वाऱ्याची वहनशक्ती यांचा मेळ एका समीकरणात घातला, मॉन्टीथ यांनी पुढे त्यात पानांच्या रंध्रांचा अवरोध आणला, आणि १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तेच समीकरण प्रमाण म्हणून मुक्रर केले. तथापि त्यासाठी लागणाऱ्या तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश या चारही नोंदी जेथे नियमितपणे हाती येत नाहीत, तेथे अजूनही बाष्पपात्रावरच भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणून त्या पात्राचा स्वभाव जाणून घेणे भाग आहे.

पात्र म्हणजे गवत नव्हे. त्याच्या धातूच्या भिंती उन्हाने तापतात, पाणी दिवसाची उष्णता साठवून रात्रीही उडत राहते, आणि पानाला जशी रंध्रे मिटता येतात तशी पाण्याला मिटता येत नाहीत. त्यामुळे पात्राचा आकडा गवताच्या आकड्याहून नेहमी मोठा येतो आणि त्याला एकाहून लहान असा पात्र गुणांक लावून तो खाली आणावा लागतो. आपल्याकडे हा गुणांक सरसकट ०.७ धरण्याचा प्रघात पडला आहे. त्याआधी आणखी एक दुरुस्ती हवी. पाखरांनी आणि कुत्र्यांनी पाणी पिऊ नये म्हणून आपल्या पात्रांवर तारेची जाळी असते, आणि जाळीमुळे बाष्पीभवन सुमारे दहा टक्क्यांपर्यंत घटते, तर गुणांकाची कोष्टके उघड्या पात्रासाठी सिद्ध झालेली आहेत. म्हणून आमच्या ६ मिलिमीटरचे आम्ही ६.५ धरले.

आता प्रश्न त्या ०.७ चा. वेधशाळेच्या आवारातील गवत पावसाळ्यात हिरवे असते, आणि कुंपणापलीकडील शेतात त्या वेळी सोयाबीन उभे असते. म्हणजे वारा ज्या दिशेने पात्रावर येतो त्या दिशेला शंभरेक मीटरपर्यंत ओली हिरवळ असते, तिच्यावरून येणारी हवा थोडी निवालेली आणि दमट असते, आणि तेव्हा कोरड्या हवामानात व मंद वाऱ्यातही ०.७ हा आकडा कोष्टकाशी जुळतो. परंतु फेब्रुवारीत आम्ही जे पाहिले ते निराळे होते. आवारातील गवत वाळून पिवळे झाले होते, सोयाबीन केव्हाच निघून ते रान नांगरून पडीक राहिले होते, आणि त्या तापलेल्या ढेकळांवरून आलेली शुष्क हवा पात्रातील पाणी अधिक हावरेपणाने ओढीत होती. अशा कोरड्या पडीक जमिनीचा शंभर मीटरांचा पट्टा वाऱ्याच्या बाजूला असेल, तर त्याच हवामानात कोष्टक गुणांक देते ०.५५. पात्र तेच, आकडाही तोच, पण ६.५ ला ०.७ ने गुणले तर ४.५५ मिलिमीटर येतात आणि ०.५५ ने गुणले तर ३.६. हा जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर, आणि ते रोजचे. वेधशाळा वर्षभर जागची हलत नाही, तिच्या सभोवारची जमीन मात्र ऋतूगणिक पालटते. म्हणून एकच गुणांक बारा महिने चालविणे मला मुळीच सयुक्तिक वाटत नाही.

याच्या तुलनेत पीक गुणांकातील अनिश्चितता किती थोडी आहे हेही पाहण्यासारखे आहे. पुरत्या वाढलेल्या कांद्याचा गुणांक कोष्टकात १.०५ आहे, आणि तो दुपारची किमान आर्द्रता ४५ टक्के असलेल्या, सेकंदाला दोन मीटर वाऱ्याच्या हवामानाकरिता आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून दुरुस्ती करावी लागते. पण ती पिकाच्या उंचीवर अवलंबून असते, आणि कांदा जेमतेम ४० सेंटिमीटर उंच असल्यामुळे गुणांक १.०५ चा १.१० होतो, एवढेच. तीन मीटर उंचीच्या उसाला हीच दुरुस्ती दुप्पट लागली असती. आमच्या एकराचा हिशेब मग असा झाला की ३.६ ला १.१० ने गुणून पिकाची रोजची गरज चार मिलिमीटर निघाली, म्हणजे दिवसाला सुमारे १६,००० लिटर.

किती पाणी हे कळले, तरी केव्हा द्यावे हे मातीवर ठरते. ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही गेलो, त्यांच्या मध्यम काळ्या जमिनीचा एक मीटरचा थर पिकाला सुमारे १५० मिलिमीटर पाणी पुरवू शकतो. पण कांद्याची मुळे वरच्या ३० सेंटिमीटरांतच वावरतात, म्हणून पिकाच्या खात्यावरची एकूण शिल्लक फक्त ४५ मिलिमीटर, आणि कांद्याच्या बाबतीत त्यातले ३० टक्के, म्हणजे साडेतेरा मिलिमीटर, खर्च झाले की पिकाला ताण जाणवू लागतो. रोजचा खर्च चार मिलिमीटर असेल तर तिसरा दिवस मावळताना पाण्याची पाळी यावयास हवी.

“पण साहेब, आमची पाळी दहा दिवसांनीच असते, आणि कांदा तर येतोच की,” असे त्या गृहस्थांनी म्हटले. त्यांचे म्हणणे खरे होते. पाटाच्या पाण्याने सारे भरताना एका पाळीत ५०-६० मिलिमीटर पाणी सहज जाते, कारण त्याहून कमी पाणी साऱ्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही. दहाव्या दिवशी मुळांच्या थरात फार तर ४० मिलिमीटरांची जागा रिकामी असते. उरलेले पाणी खाली उतरते आणि त्याबरोबर नत्रही उतरते. म्हणजे चौथ्या दिवसापासून पीक तहानलेले, आणि दहाव्या दिवशी मुळांखालची माती तृप्त. आम्ही त्यांच्याच एका साऱ्यात पाळीच्या आदल्या दिवशी गिरमिटाने माती काढून पाहिली, तेव्हा वरच्या वितीतील माती मुठीत दाबली तरी गोळा धरीत नव्हती आणि दीड हातावरची माती बोटांना चिकटत होती. जमाखर्चाचा आकडा बरोबर आहे की नाही याची एवढी सोपी पारख मला दुसरी ठाऊक नाही. कांदा येतो हे खरे. पण तो वरची ओल संपल्यावर ताण सोशीत येतो.

त्यांच्या शेजारच्या रानात गादीवाफ्यांवर ठिबक होते: १२० सेंटिमीटर अंतरावर वाफे, प्रत्येक वाफ्यावर दोन नळ्या, आणि नळीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर ताशी चार लिटरचे तोटीमुख. प्रत्येक तोटीमुखाच्या वाट्याला ०.३ चौरस मीटर जमीन येते, तेव्हा ताशी सुमारे १३ मिलिमीटर पाणी पडते. एक दिवसाआड पाणी द्यावयाचे तर गरज आठ मिलिमीटरांची. संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सोडावयाचे पाणी नऊ मिलिमीटर, आणि त्यासाठी मोटार चालवावयाची ती ४० मिनिटे. सरसकट ०.७ चा गुणांक धरून हाच हिशेब केला असता तर तेथे ५० मिनिटे आली असती.

जानेवारीत, लागवड नुकतीच झाली असताना, मात्र पीक गुणांकच खरा अवघड ठरतो. त्या वेळी रोपांची पाने जमिनीच्या अगदी थोड्या भागावर असतात, आणि पाणी जे उडते ते बहुतांशी उघड्या मातीतून. आंबवणीनंतर माती रोज ओली ठेवली तर गुणांक एकाच्या आसपास जातो. आठ-दहा दिवसांनी भिजविली तर तो अर्ध्याच्याही खाली राहतो. कोष्टकातील ०.७ हा आकडा या दोहोंच्या मधला आहे, आणि तो कोणत्याही एका शेताचा नाही. पाणी देण्याची रीत बदलली की गुणांक बदलतो, म्हणून या अवस्थेत कोष्टकापेक्षा आपल्या पाळ्यांच्या नोंदीकडे अधिक पाहावे लागते. पुढे पाने जमीन झाकू लागतात तसतसा गुणांक ०.७ पासून १.०५ पर्यंत दिवसागणिक समप्रमाणात चढता धरतात, आणि ही चढण आठवड्याने पुढेमागे झाली तरी फार बिघडत नाही.

शेवटच्या अवस्थेसाठी कोष्टक ०.७५ सांगते. तो आकडा माना पडू लागलेले पीक आणि त्याखालची जमीन मिळून किती ओल हवेत सोडतील एवढेच दाखवितो. पाणी द्यावे असा त्याचा अर्थ नाही. काढणीपूर्वी सुमारे पंधरा दिवस पाणी तोडावे लागते आणि हिशेबाची वही तेथे मिटावी लागते, कारण ओल्या जमिनीतून काढलेला कांदा चाळीत टिकत नाही.