वहीचे पान, ओळीला ओळ

शाळेच्या वहीचे पान संगणकावर उतरवताना बहुतेक जण मजकूर टंकतात आणि मांडणी सोडून देतात. पण विद्यार्थ्याने कोणता मुद्दा कशाखाली लिहिला, हे मांडणीतूनच कळते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अधोरेखन करताच येत नाही. म्हणून शीर्षकाखालची रेघ चिन्हांनी दाखवायची आणि ती पद्धत शेवटपर्यंत पाळायची.

सातवीच्या विज्ञानाच्या वहीतले एक पान घ्या. वर दोन रेघा ओढलेले मुख्य शीर्षक, त्याखाली एका रेघेचे उपशीर्षक आणि मग मजकूर. तो असा उतरेल:

```
पाण्याच्या अवस्था
==================
वायुरूप अवस्था
--------------
पाण्याला उश्णता मिळाली की त्याची हळूहळू
वाफ होते. या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात.
```

वहीत जिथे ओळ संपते तिथेच एंटर दाबायचे, वाक्य अर्धे राहिले तरी. ‘उश्णता’ तशीच ठेवायची, कारण आपण नक्कल करतो आहोत, तपासणी नाही. ‘हळूहळू’ हा शब्द मुलाने मागाहून ओळीच्या वर लिहिला आहे आणि खाली काकपदाची खूण केली आहे. अशा शब्दाची वेगळी ओळ करायची नाही. खूण दाखवते त्या जागी तो बसवायचा. वाक्याच्या मधल्याच शब्दाखाली रेघ असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना _ हे चिन्ह द्यावे. बाईंनी लाल शाईने ओढलेली रेघ मात्र चुकीची खूण असते. तिला शीर्षक समजू नये.

देवनागरीत खरी अडचण उकारांची. शीर्षकाखालची रेघ नेमकी उकारावरून जाते, त्यामुळे ‘वायुरूप’मधला ‘यु’ ऱ्हस्व की दीर्घ हे कळेनासे होते, कधी उकार दिसतही नाही. अशा वेळी त्याच पानावर, रेघ नसलेल्या शब्दांत, मुलाने दोन्ही उकार कसे काढले आहेत ते पाहावे. तरीही उलगडा झाला नाही, तर शब्दापुढे [?] लिहावे. अंदाजाने केलेली दुरुस्ती पुढच्या वाचकाला ओळखता येत नाही, ही खूण येते.

टंकून झाल्यावर दोन मोजण्या कराव्यात. आधी संपादकातले ‘वर्ड रॅप’ बंद करावे, नाहीतर पडद्यावर न मावलेली एक ओळ दोन ओळींसारखी दिसते. मग वहीतल्या आणि फाइलमधल्या ओळी मोजाव्यात. रेघांसाठी घातलेल्या चिन्हांच्या ओळी वगळाव्यात. वरच्या उताऱ्यात सहा ओळी दिसतात, वहीतल्या चार. दुसरी मोजणी शीर्षकांची. ओळींचा आकडा कमी भरला, तर बहुधा एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळींपैकी एक नजरेतून निसटलेली असते. तेव्हा प्रत्येक ओळीचा पहिला शब्द वहीशी ताडून पाहिला, की गळलेली जागा सापडते.