घोणस चावल्यानंतरचे तास

घोणस चावलेल्या रुग्णाची फाईल उघडली, की तिच्यातून एक गोष्ट निघत नाही, चार निघतात. प्राथमिक आरोग्य केंद्राची रेफर चिठ्ठी, रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या नोंदी, सिस्टरांचा औषधांचा तक्ता आणि सलाईन-लघवीच्या मापाचा कागद. प्रत्येकावर वेळा आहेत, पण कोणी दाखल झाल्यापासून मोजतं, कोणी ड्युटी बदलल्यापासून, कोणी नुसतं ‘लगेच दिले’ असं लिहून मोकळं होतं. उपचार लागू पडला की नाही हे ठरवायचं, तर या सगळ्या नोंदी एकाच पट्टीवर, तासातासाने मांडाव्या लागतात.

असं का, ते विषाच्या कामात दडलेलं आहे. घोणसेचं विष रक्त गोठवणारे घटक भराभरा वापरून संपवून टाकतं. ते संपले की रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, सुईच्या छिद्रातून येत राहतं. हे ओळखण्याची चाचणी अगदी साधी, खेड्यातल्या दवाखान्यातही होणारी आहे. शिरेतून २ मिली ताजं रक्त घ्यायचं, नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, २० मिनिटं नळी अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त ओघळलं तर ते गोठलेलं नाही. नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानेच सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं.

आता मुख्य मुद्दा. प्रतिविषाची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते, पण संपलेले घटक परत आणत नाही. ते यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून लस दिल्यावर पुढची चाचणी सहा तासांनी करायची असते. तोवर रक्त पातळ दिसलं, तर त्यावरून लस कमी पडली असं म्हणता येत नाही. त्यामुळे तक्त्यात दोन घड्याळं लागतात: एक दंशापासूनचं, दुसरं लस सुरू झाल्यापासूनचं.

एक उदाहरण घेऊ. रुग्ण कल्पित आहे, पण अशा फाईली ग्रामीण रुग्णालयांत नेहमीच्या. शेतात पाणी धरायला गेलेला चाळिशीचा शेतकरी, डाव्या घोट्याला दंश. चिठ्ठीवर वेळ संध्याकाळी ७, दाखल करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीत साडेसात, भाऊ म्हणतो ‘दिवेलागणीला’. अशा वेळी एक आकडा ठोकून बसवू नये. ‘७ ते साडेसात’ असंच लिहावं आणि शून्य तास ७ धरल्याची टीप द्यावी.

आरोग्य केंद्रात ८ वाजता रक्त घेतलं, ८.२० ला नळी तिरपी केली, रक्त गोठलेलं नव्हतं. तक्त्यात ही चाचणी ८ च्या खाली जाते, कारण निकाल ८.२० ला कळला तरी तो ८ वाजताच्या रक्ताचा आहे. तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, सूज घोट्यापर्यंत होती. चिठ्ठीवर पुढे फक्त ‘लस १० कुप्या दिली’ एवढंच आहे. वेळ सापडते केंद्राच्या औषध नोंदवहीत: सुरू ८.३०, संपली ९.३०.

रुग्ण सव्वाअकराला मोठ्या रुग्णालयात पोहोचला. साडेअकराला घेतलेलं रक्तही गोठलं नाही, म्हणून सव्वाबाराला आणखी १० कुप्या. सकाळी साडेसहाच्या नळीत मात्र घट्ट गुठळी. सुट्टीच्या कागदावर निष्कर्ष आला: पहिला डोस अपुरा, एकूण २० कुप्या लागल्या.

तक्ता मांडला की हा निष्कर्ष टिकत नाही. साडेअकराची चाचणी दंशानंतर साडेचार तासांची, पण लस सुरू झाल्यावर अवघ्या तीन तासांची आहे. यकृताला वेळच मिळालेला नव्हता. खरी चाचणी अडीच वाजता व्हायला हवी होती आणि नेमका तोच रकाना कोरा आहे. लक्षणांची ओळ तर आणखी काही सांगते. सिस्टरांनी सव्वाअकराला लिहिलंय, ‘हिरड्यांतून रक्त नाही’. लस लागू पडली की असा रक्तस्राव बहुधा अर्ध्या तासात थांबतो. लस देऊन एक-दोन तास झाले तरी तो चालू असता, तर सहा तासांची वाट न पाहता पुन्हा लस देणं योग्यच ठरलं असतं. इथे तो थांबला होता. म्हणजे पहिल्या दहा कुप्यांनी काम केलं असण्याचीच शक्यता जास्त. ठामपणे तसं म्हणता येत नाही, कारण अडीचची चाचणी झालीच नाही. मध्यरात्रीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर वेळच नव्हती. पण जादा दहा कुप्या म्हणजे घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या औषधाचा आणखी एक डोस, तीव्र ॲलर्जीचा आणखी एक धोका, आणि साठा बेताचा असेल तर पुढच्या रुग्णाच्या वाट्याची लस.

मांडणीत चुका कुठे होतात, तेही याच फाईलीत दिसतं. सव्वाबाराच्या डोसापुढे सिस्टरांनी आदल्या दिवसाचीच तारीख लिहिली होती. वेळेनुसार क्रम लावल्यावर तो डोस दंशाच्या आधी, दुपारी दिल्यासारखा वर गेला. उपाय एकच, वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहायची आणि प्रत्येक नोंदीसोबत तारीख. कुप्या आणि मिली यांचीही सरमिसळ होते. एक कुपी १० मिलीची असते, त्यामुळे कुठे ‘१०’ आणि कुठे ‘१००’ असं दिसलं, तर दोन्हीचा अर्थ तोच असू शकतो. याहून घातक चूक कोऱ्या रकान्याची. चाचणी केलीच नाही आणि चाचणी चांगली आली, या दोन गोष्टी तक्त्यात वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. कोऱ्या जागी ‘केली नाही’ असं स्पष्ट लिहावं.

सूज सकाळी गुडघ्यापर्यंत चढली होती. लस सूज उतरवत नाही, म्हणून तिच्यावरून डोस मोजू नये. लघवीच्या ओळीकडे मात्र माझं लक्ष आधी जातं. पहाटे ४ ते १० या सहा तासांत फक्त ८० मिली. साठ किलोच्या माणसाला निदान १८० तरी हवी. सुट्या कागदावर हा आकडा कोणाच्या नजरेत भरला नाही. तक्त्यात तो गुठळीच्या चांगल्या निकालाशेजारीच येतो, आणि रक्त सुधारत असताना मूत्रपिंडं बिघडत होती हे कळतं.

एकदा गुठळी झाली म्हणजेही सुटलो असं नाही. दंशाच्या जागेतून विष हळूहळू रक्तात उतरत राहतं आणि गोठायला लागलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं. म्हणून दर सहा तासांची चाचणी पुढेही चालू ठेवावी लागते. या चाचणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. रक्त गोठण्यातला सौम्य बिघाड तिच्यात सुटून जातो. प्रयोगशाळेतला पीटी-आयएनआर मिळाला तर त्याची वेगळी ओळ करावी, नळीच्या निकालात मिसळू नये.

सर्पदंशाचा रुग्ण घेऊन निघणाऱ्या नातेवाइकांना एक विनंती. दंशाची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पहिल्या दवाखान्यातून निघताना लस किती कुप्या दिली आणि किती वाजता सुरू केली, हे चिठ्ठीवर लिहून मागा.